आमची वाटचाल: स्टॉलवर गोल फिरणाऱ्या व्हिडिओचं निवेदन

आमची फर्म तीन माणसांची, मी लिहिते, एक जण एडिटिंग बघतो आणि एक आवाज देते. सुरुवातीची वर्षं आम्ही कंपन्यांच्या फिल्मचं निवेदन लिहायचो, म्हणजे लोक हॉलमध्ये बसलेत, लाईट गेले, फिल्म सुरू झाली, असं धरून. मग टाकीतल्या पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बनवणाऱ्यांचं काम आलं, प्रदर्शनातल्या स्टॉलवर टीव्ही लावायचा, समोर उभं राहून समजावून सांगायला कुणी नाही, व्हिडिओ संपला की परत पहिल्यापासून, असा दिवसभर फिरत राहणार. मी नेहमीसारखंच लिहिलं, तीन मिनिटं, आधी स्वागत, मग टाकी ओव्हरफ्लो होते ती अडचण, मग कंट्रोलर, शेवटी धन्यवाद.

पहिल्या दिवशी मी स्टॉलच्या बाजूला उभी राहून नुसतं बघत होते. एक गृहस्थ थांबले तेव्हा वाक्य चालू होतं, "यातला दुसरा सेन्सर सिग्नल देतो आणि म्हणूनच तो आपोआप बंद होतो." दुसरा म्हणजे पहिला कुठे गेला, म्हणूनच म्हणजे कशामुळे, आणि तो म्हणजे कोण? ते पाचसात सेकंद थांबले आणि निघून गेले. असं एकामागून एक होत राहिलं, आणि "धन्यवाद" येऊन स्क्रीन काळी झाली की जे उभे होते तेही पांगायचे, संपलं असं वाटून. स्वागत तर जवळजवळ कुणीच ऐकलं नाही. मला खरंच वाईट वाटलं, कारण वस्तू चांगली होती आणि माझं लिखाण तिच्या आड येत होतं.

रात्री सगळं परत लिहिलं. तीन मिनिटांचे दीड मिनिट केले आणि त्याचे पंधरा-पंधरा सेकंदांचे सहा तुकडे. प्रत्येक तुकडा एकटा ऐकला तरी पुरा वाटला पाहिजे एवढाच नियम. पंधरा सेकंदात साधारण वीस-बावीस शब्द, त्याहून जास्त घातले तर गर्दीच्या आवाजात कळत नाही आणि दोन तुकड्यांमध्ये श्वास घ्यायला जागाही उरत नाही. ते वरचं वाक्य मग असं झालं: "टाकी भरली की लेव्हल कंट्रोलर पंप स्वतः बंद करतो. वरच्या सेन्सरला पाणी लागलं, की पंप थांबला. कुणी बटन दाबायची गरज नाही."

मराठीत यात एक खास अडचण आहे, आपण बोलताना कर्ता सोडून देतो. "बसवायला सोपा, साफ करायला सोपा" हे कानाला छान लागतं पण आत्ता आलेल्या माणसाला काय सोपा ते कळत नाही. म्हणून वस्तूचं नाव प्रत्येक तुकड्यात एकदा तरी घ्यायचंच. लिहिताना ते सारखं सारखं वाटतं, पण आख्खा व्हिडिओ सलग बघणारे फक्त आपणच असतो. तसंच तुकड्याच्या सुरुवातीला "त्यामुळे", "पण", "आता बघूया" आलं की मी खोडते.

तपासायला आम्ही सहा तुकडे सहा चिठ्ठ्यांवर लिहून पत्ते पिसतात तसे पिसतो आणि ऑफिसबाहेरच्या कुणालातरी येईल त्या क्रमाने वाचून दाखवतो, जिथे तो "कशाचं?" विचारेल तो तुकडा दुसऱ्यावर टेकून उभा आहे असं समजायचं. फिटिंग कसं करायचं, वायर कुठली आधी, हे मात्र या कसोटीत कधीच बसत नाही कारण तिथे क्रम लागतोच, त्यासाठी वेगळा व्हिडिओ करून मागेल त्याला दाखवायचा.

व्हिडिओचा शेवट परत सुरुवातीला जोडायचा, त्या सांध्याचं काम त्या वेळी वस्तूनेच सोपं केलं. पाणी वापरलं, पातळी खाली गेली, पंप सुरू झाला हा शेवटचा तुकडा आणि टाकी भरत्येय हा पहिला, म्हणजे शेवट कुठे ते कळतच नाही. संगीतही शेवटी विझू न देता सुरुवातीच्या सुराला जोडलं.

एक गोष्ट मला उशिरा कळली, स्टॉलवर बसणाऱ्या मुलांचं. दीड मिनिटाचा व्हिडिओ आठ तासांत तीनशे वीस वेळा वाजतो, जोरात, उत्साहाने म्हटलेलं वाक्य असलं की ती दुपारपर्यंत आवाजच बंद करून टाकतात आणि त्यांचं काही चुकत नाही. आता आम्ही आवाज शांत ठेवतो, सहापैकी एक तुकडा बिननिवेदनाचा असतो, आणि सगळे शब्द खाली मोठ्या अक्षरांत येतात, म्हणजे आवाज बंद असला तरी चालतं.

बऱ्याच टीव्हीवर पेन ड्राईव्हमधली फाईल रिपीट होताना मधे क्षणभर काळी स्क्रीन किंवा फाईलचं नाव दिसतं, आणि एवढं जपून जोडलेला सांधा तिथेच उघडा पडतो. म्हणून आम्ही तेच दीड मिनिट चाळीस वेळा जोडून एक तासाची एकच फाईल देतो, आणि आदल्या संध्याकाळी त्याच टीव्हीला लावून बघतो.