एकशेवीस मोदक आणि चार माणसं

नमस्कार मंडळी, यंदा हॉलमधल्या आपल्या गणपतीला प्रसादाचे उकडीचे मोदक करायचं काम आमच्याकडे आलं आहे. चार माणसं, सकाळी नऊ ते दुपारी एक.

कोकणात वाडीच्या मंडळाचा गणपती म्हटला की हे काम आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायचं. बायका विळी घेऊन खोबरं खवायला ओळीने बसायच्या. परसातून हळदीची पानं यायची आणि पहाटे चुलीवर मोदकपात्र चढलं की त्या पानांचा वास देवळापर्यंत जायचा. इथे हळदीची पानं मिळाली नाहीत तर केळीचं पान चालेल, वास मात्र तो नाही.

एकशेवीस मोदकांना बारा वाट्या बारीक तांदूळपिठी, वीस वाट्या खवलेलं खोबरं आणि दहा वाट्या चिरलेला गूळ पुरतो. वेलची-जायफळ सारण उतरवताना घालायचं. इथलं गोठवलेलं खोबरं पाणी फार सोडतं. ते आधी नुसतंच कढईत कोरडं करून मग गूळ घालावा, नाहीतर सारण ओलं राहून मोदक तळाशी फुटतो. उलट जास्त आटवलं तर गार झाल्यावर खडा होतो. गुळाचं पाणी आटून सारण एकत्र यायला लागलं की लगेच उतरवावं.

उकडीला पिठीएवढंच पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. एका वेळी तीन-चार वाट्यांचीच उकड काढू, कारण गार झालेली उकड मळली तरी पारीला चिरा पडतात. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळायचं, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकायचं आणि सोसवेल इतकी गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळायचं. चुण्या पाडताना कड तुटली, तर उकड कोरडी आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. पिठी जुनी असेल तर पाणी थोडं जास्त लागतं, म्हणून आदल्या दिवशी एक वाटीची उकड काढून बघूच.

सरावाच्या हाताला एक मोदक वळायला दोनेक मिनिटं लागतात. म्हणजे चौघांचा वळण्याचाच तास जातो, बाकी वेळ सारण, उकड आणि वाफवण्यात. घरून वाफवून आणणार नाही. डब्यात ते एकमेकांना चिकटतात आणि गार झाले की पारी कडक होते. त्यामुळे सारण घरी करू, उकड आणि वळणं हॉलच्या स्वयंपाकघरात. वळलेले मोदक ओल्या फडक्याखाली ठेवून, पाण्यात बुडवून पात्रात लावायचे आणि बारा मिनिटं वाफ द्यायची. ओलं बोट लावल्यावर चिकटलं नाही की झाले.

हॉलमध्ये दोन शेगड्या आणि मोठं पातेलं आहे का, तेवढं कळवा. मोदकपात्रं आमची. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर मळून निवगऱ्या वाफवू. त्या गरम असतानाच कच्च्या तेलाबरोबर खायच्या, म्हणून स्वयंपाकघरातल्या मंडळींसाठी आधी काढून ठेवू.