मिली, किलो आणि मेगा: दहावीच्या मुलांसोबत सोडवलेली ओहमच्या नियमाची उदाहरणे

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणीची गर्दी ओसरल्यावर, दहावीत शिकणारी माझी पुतणी आणि तिच्या वर्गातील काही मुले-मुली संध्याकाळी विज्ञानाची उदाहरणे घेऊन दुकानात येऊ लागली. ओहमचा नियम त्यांना तोंडपाठ होता आणि P = VI हे सूत्रही ठाऊक होते; तरीही रोध किलोओहममध्ये आणि विद्युतधारा मिलिअँपिअरमध्ये दिलेली असली की उत्तरे हजारपटीने चुकत. पाठ केलेले सूत्र पुन्हा पाठ करून ही अडचण सुटणार नव्हती, म्हणून मी कागदावरची उदाहरणे बाजूला ठेवली आणि दुकानातील एक वस्तू त्यांच्यासमोर मांडली.

ती वस्तू म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाची दर्शक बत्ती. अशा पंपात बहुधा १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तिच्यावर लाल रंगाचा लहानसा एलईडी लावलेला असतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात; उरलेले विभवांतर पेलण्यासाठी त्याच्याशी एकसरीत एक रोध जोडतात. आमच्या हातातील रोध तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा होता आणि त्याच्यावर तपकिरी, काळा, लाल असे तीन पट्टे व शेवटी सोनेरी पट्टा होता. पहिले दोन पट्टे १ आणि ० हे अंक सांगतात, तिसरा लाल पट्टा पुढे दोन शून्ये जोडायला सांगतो, म्हणजे रोध १००० ओहम. सोनेरी पट्ट्याचा अर्थ असा की प्रत्यक्ष किंमत पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते.

पुतणीने रोध सुटा करून मल्टिमीटरच्या 20k या पट्टीवर मोजला. पडद्यावर 0.98 असा आकडा आला. मग बत्ती जोडून रोधाच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजले, ते १० व्होल्ट भरले. तिने वहीत दहा भागिले जवळपास एक असे मांडले आणि १० अँपिअर विद्युतधारा काढली. त्यावरून P = VI वापरून शक्ती १०० वॅट आली. ती लगेच म्हणाली, "काका, हे त लयच मोठं झालं."

उत्तर मोठे वाटणे हीच पहिली कसोटी आहे, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून मी चूक कोठे आहे ते सांगण्याऐवजी त्यांना त्या रोधाला बोट लावायला सांगितले. तो जेमतेम कोमट होता. शंभर वॅट उष्णता एवढ्याशा तुकड्यात निर्माण झाली असती, तर तो क्षणात जळून गेला असता. दुसरी कसोटी बॅटरीची. त्या बॅटरीवर ८ अँपिअर-तास असे छापलेले होते. १० अँपिअर विद्युतधारा वाहिली असती तर ती तासाभराच्या आत संपली असती, पण ही बत्ती रात्रभर लागून राहिली तरी सकाळी पंप चालतो, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला माहीत आहे.

मग मुलांनीच मीटरकडे पुन्हा पाहिले. 20k या पट्टीवर पडद्यावरचा आकडा किलोओहममध्ये असतो, त्यामुळे 0.98 म्हणजे ९८० ओहम. हिशेब सोपा राहावा म्हणून आम्ही तो १००० ओहम धरला.

I = V ÷ R = 10 V ÷ 1000 Ω = 0.01 A = 10 mA

P = V × I = 10 V × 0.01 A = 0.1 W = 100 mW

त्यानंतर मीटर एकसरीत जोडून विद्युतधारा मोजली, तेव्हा ती १० मिलिअँपिअरच्या किंचित वर भरली. रोध हजाराहून थोडा कमी असल्यामुळे ती किंचित जास्त येणारच होती, हेही मुलांनी स्वतः सांगितले.

तेव्हापासून मी एक शिस्त लावली: दिलेली प्रत्येक राशी सूत्रात घालण्याआधी व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट या मूळ एककांत लिहायची, आणि एकक नसलेला आकडा वहीत ठेवायचाच नाही. मिली असेल तर हजाराने भागायचे, किलो असेल तर हजाराने गुणायचे, मेगा असेल तर दहा लाखांनी गुणायचे. हे हात बसेपर्यंत करून घेतल्यावरच मी त्यांना कारागिरांची जवळची वाट दाखवली. व्होल्टला किलोओहमने भागले तर उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये मिळते, कारण छेदातील हजार म्हणजेच उत्तरातील एक हजारांश. त्याचप्रमाणे व्होल्टला मिलिअँपिअरने गुणले की मिलिवॅट मिळतात. १० व्होल्ट भागिले १ किलोओहम बरोबर १० मिलिअँपिअर, आणि १० व्होल्ट गुणिले १० मिलिअँपिअर बरोबर १०० मिलिवॅट. मात्र ही जोडी कळून वापरायला हवी. आधी मूळ एककांची सवय नसेल तर किलो आणि मिली कोठेही जुळवले जातात आणि उत्तर बरोबर दिसत असतानाच चुकते.

खरी कठीण जागा वर्ग असलेल्या सूत्रात आली. शक्ती I²R या सूत्राने काढून पाहा, असे सांगितल्यावर एका मुलाने १० मिलिअँपिअरचा वर्ग १०० केला, त्याला हजाराने भागून 0.1 लिहिले, हजार ओहमने गुणले आणि पुन्हा १०० वॅट उत्तर आणले. संख्येचा वर्ग त्याने केला होता, पण मिलीचा वर्ग केला नव्हता. एकक हे राशीचेच अंग असल्यामुळे वर्ग करताना हजाराने एकदा नव्हे तर दोनदा भागावे लागते:

(10 mA)² = (0.01 A)² = 0.0001 A²

P = 0.0001 A² × 1000 Ω = 0.1 W

इथे मी त्यांना तिसरे सूत्रही वापरायला लावले. V² ÷ R म्हणजे १०० भागिले १०००, म्हणजे पुन्हा 0.1 वॅट. एकाच रोधासाठी विभवांतर, विद्युतधारा आणि रोध या तिन्ही राशी हाती असतील, तर तिन्ही सूत्रांनी शक्ती सारखीच यायला हवी. एक उत्तर वेगळे आले की त्या ओळीत एकक निसटले आहे असे समजावे. परीक्षेत ताळा करण्यासाठी यापेक्षा भरवशाचे साधन मला माहीत नाही, आणि त्याला एक मिनिटही लागत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते: या सूत्रांत V म्हणजे त्या रोधाच्याच दोन टोकांमधील विभवांतर. बॅटरीचे १२ व्होल्ट तिथे घातले तर उत्तरे जुळत नाहीत, कारण त्यांतील २ व्होल्ट एलईडीवर असतात.

मेगाची ओळख मात्र मोटरमुळे झाली. विहिरीवरची मोटर दुरुस्तीला आली की तिचे वेटोळे आणि लोखंडी कवच यांच्यामधील रोध आम्ही मेगर नावाच्या उपकरणाने तपासतो. हे उपकरण ५०० व्होल्ट देते. त्या दिवशीच्या ओलसर मोटरने २ मेगाओहम दाखवले. एका मुलीने वहीत M ऐवजी लहान m लिहिला, आणि दुसऱ्या मुलाने ते वाचून २ मिलिओहम धरून हिशेब केला. त्याचे उत्तर अडीच लाख अँपिअर आले. खरे उत्तर असे:

I = 500 V ÷ 2000000 Ω = 0.00025 A = 0.25 mA

मोठा M आणि लहान m यांच्यात शंभर कोटी पटींचे अंतर आहे, म्हणून हस्ताक्षरातील हा फरक मी कधीही किरकोळ मानला नाही. M लिहिताना दोन्ही उभ्या रेघा सरळ आणि पूर्ण उंचीच्या काढा, एवढे मी त्यांच्याकडून करून घेतले. आमच्या कामात हा रोध १ मेगाओहमच्या खाली गेला तर मोटर वाळवल्याशिवाय जोडत नाहीत. त्यामुळे इथे किलो आणि मेगा यांची गफलत झाली तर पाणी शिरलेली मोटर चांगली ठरते.

याच सुमारास मुलांनी एक चांगला प्रश्न विचारला. पुस्तकातील उदाहरणाप्रमाणे २३० व्होल्ट, ६० वॅटच्या तारेच्या दिव्याचा रोध V² ÷ P, म्हणजे सुमारे ८८२ ओहम येतो. पण दुकानातील तसाच जुना दिवा सुटा करून मीटरवर मोजला तर रोध त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी भरला. यात हिशेब चुकलेला नव्हता. ओहमचा नियम तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असतानाच लागू होतो. थंड तार आणि पांढरी होईपर्यंत तापलेली तार यांचा रोध वेगळाच असणार. म्हणून मोजलेला थंड रोध घेऊन दिव्याची शक्ती काढू नये. हे मोजमाप दिवा होल्डरमधून काढूनच करायचे असते आणि २३० व्होल्टच्या चालू जोडणीला मुलांनी मीटर लावायचा नसतो, हे मी त्यांना त्याच वेळी बजावले.

शेवटचे उदाहरण पुतणीनेच काढले. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे सौर संचासाठी दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या आहेत, म्हणजे एकूण २४ व्होल्ट. तिथे हीच बत्ती, याच १ किलोओहम रोधासह, चालेल का, असे तिने विचारले आणि स्वतःच हिशेबाला बसली. एलईडीचे २ व्होल्ट वजा जाता रोधावर २२ व्होल्ट उरले. २२ चा वर्ग ४८४, त्याला हजाराने भागून 0.484 वॅट, म्हणजे ४८४ मिलिवॅट. आमच्याकडचा लहान रोध पाव वॅटचा, म्हणजे २५० मिलिवॅट पेलणारा. तो जवळजवळ दुप्पट भाराने काळा पडला असता. विभवांतर दुपटीपेक्षा थोडे वाढले तर शक्ती जवळपास पाचपट का झाली, हे तिला त्या वर्गावरूनच उमगले. मग तिने 2.2 किलोओहमचा रोध घेऊन पाहिला. विद्युतधारा २२ भागिले 2.2, म्हणजे पुन्हा १० मिलिअँपिअर, आणि शक्ती २२० मिलिवॅट. हा आकडा २५० च्या आत असला तरी उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत बसवलेल्या रोधासाठी तो काठावरचा आहे, असे मी म्हणालो, तेव्हा तिने डब्यातून 2.2 किलोओहमचाच, पण अर्ध्या वॅटचा रोध शोधून काढला आणि आम्ही तोच जोडला.