उघाडी किती वेळ उघडी राहते?

मी राहतो तो रॉटरडॅमचा भाग समुद्रसपाटीच्या सुमारे सहा मीटर खाली आहे. गावी हे सांगितलं की प्रश्न ठरलेला, "मग तुला झोप कशी लागते?" लागते, चांगली लागते. समुद्र बांध फोडून आत येईल ही धास्ती इथे वर्षातल्या मोजक्या वादळी रात्रींची. रोजची डोकेदुखी वेगळीच आहे, आणि ती म्हणजे आत पडलेला पाऊस बाहेर घालवायचा कसा.

भूगोलाच्या वर्गात समुद्रपातळी वाढते म्हणजे नकाशावरची निळी रेघ जमिनीकडे सरकते, असं चित्र डोक्यात बसतं. ते चुकीचं नाही, पण कोकणातल्या शहरांना त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात खाडीकाठच्या आमच्या काकांना फोन केला तेव्हा शेतात गुडघाभर पाणी होतं. मी विचारलं, "काका, खांड पडली का बांधाला?" ते म्हणाले, "बांध धडधाकट आहे रे. खाडीचं पाणी उतरतच नाही पुरतं, मग आमचं जाणार कुठे?"

ज्यांनी खारबंदिस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाडीच्या कडेने मातीचा बांध असतो आणि त्यात पाणी बाहेर सोडायची वाट, तिला उघाडी म्हणतात. तिची झडप बाहेरच्या अंगाला टांगलेली असते. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं, ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं. ना वीज, ना माणूस. मुंबईची समुद्रात उघडणारी पावसाळी गटारंही अशीच ओहोटीच्या भरवशावर वाहतात. त्यातल्या अनेकांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणून भर पावसात भरती आली की पाणी तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातही भरतीची वेळ आड आली.

आता समुद्र थोडा वर आला तर या झडपेचं काय होतं ते मोजून पाहू. समजा भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक आहे, म्हणजे पाणी सरासरी पातळीच्या एक मीटर वर आणि एक मीटर खाली जातं. आतलं पाणी सरासरीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच आहे. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्यातले सुमारे ७ तास २५ मिनिटं बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असते, तेवढा वेळ उघाडी वाहते. समुद्र ३० सेंटिमीटर वाढला की हा वेळ सव्वासहा तासांच्या आत येतो, आणि ६० सेंटिमीटर वाढला की जेमतेम पाच तास उरतो.

वेळ एक तृतीयांशाने घटला, म्हणजे पाणीही तेवढंच कमी जाईल असं वाटतं. तसं होत नाही. आत-बाहेरच्या पातळीतला फरकही कमी झालेला असतो, त्यामुळे पाण्याला जोर राहत नाही. प्रवाहाचा वेग या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरून हिशेब केला तर ३० सेंटिमीटरला सुमारे पाव पाणी आत राहतं आणि ६० सेंटिमीटरला जवळपास अर्धं. बांधावरून एक थेंबही आत न येता उघाडीची क्षमता निम्मी झाली! संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालात सर्वाधिक उत्सर्जनाच्या शक्यतेत २१०० पर्यंत जागतिक सरासरी वाढ ६३ ते १०१ सेंटिमीटर सांगितली आहे, म्हणजे हे ६० सेंटिमीटर काही कल्पनेतले नाहीत. भरती-ओहोटीतला फरक जितका लहान तितका हा फटका मोठा. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना भरती-ओहोटीतला हा फरक कमी होत जातो, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाने जास्त सावध राहायला हवं. नेदरलँड्समध्ये ३२ किलोमीटर लांबीचा अफ्स्लाउटडाइक हा समुद्रबांध १९३२ पासून ओहोटीच्या वेळी दरवाजे उघडून पाणी समुद्रात सोडत आला, तिथेही आता पंपांची जोड दिली जातेय.

मग करायचं काय? पंप हे पटकन सुचणारं उत्तर आहे, आणि मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रं आहेतही. पण पंपाला वीज लागते, आणि ती नेमकी मुसळधार पावसात जाते. माझ्या मते त्याआधी पाण्याला थांबायला जागा द्यावी. झडप बंद असताना पाणी तळ्यात साठवायचं, ओहोटीला सोडायचं. नवी मुंबईतले धारण तलाव याच डच पद्धतीचे आहेत. तिथे खाडीलगतची सखल जमीन वसवताना तलाव आणि झडपांची दारं मुळातच आखलेली होती.

त्यांचं दुखणंही आकड्यात बघा. दहा हेक्टरचा तलाव, वापरता येणारी खोली दीड मीटर, म्हणजे दीड लाख घनमीटर जागा. शंभर हेक्टरच्या काँक्रीटच्या वस्तीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर तासाला ५० हजार घनमीटर येतं. तलाव तीन तास तग धरतो. एक मीटर गाळ बसला की एकच तास. नवी मुंबईत गाळ साचला आणि त्यावर कांदळवन उगवलं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण, त्यामुळे परवानगीशिवाय गाळ काढता येत नाही. बांधाबाहेरची तिवरं लाटांचा मारा कमी करतात, ती हवीतच. पण तलावात ती उगवेपर्यंत थांबायचं कशाला? दर उन्हाळ्यात गाळ काढला असता तर हा पेच आलाच नसता.

शेतीसाठी आणखी एक वाट आहे. जिथे उघाडी पुरेनाशी होते तिथे पाण्याशी भांडण सोडायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारी भातं काढली आहेत, आणि रायगडात खाचरालगतच्या तळ्यांत जिताडा मासा पाळणं जुनंच आहे.

चिपळूणला मात्र यातलं काहीच पुरत नाही. भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत चढतं, पण २२ जुलै २०२१ च्या पुराचं मुख्य कारण खोऱ्यातला प्रचंड पाऊस होता. भरतीने फक्त उतार अडवला. वाशिष्ठी नदी पंपाने उपसता येत नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखेनला वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला आणि पुराची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने उतरली. चिपळूणात बाजारपेठच काठावर आहे, एवढी जागा आणायची कुठून? तिथे निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी वारंवार पोचतं त्या आखलेल्या हद्दीच्या, आत नवं बांधकाम न होऊ देणं आणि विजेचे मीटर, जनरेटर, दुकानातला माल तळमजल्यावरून वर नेणं, एवढंच लगेच हातात आहे.

विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी एक काम सुचवतो. जवळच्या उघाडीच्या आत आणि बाहेर सेंटिमीटरच्या खुणा केलेली एकेक काठी, दोन्हीचा शून्य एकाच पातळीवर येईल अशी रोवा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात तसं ते जुळवता येतं. भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत दर अर्ध्या तासाला दोन्ही आकडे टिपा आणि एकाच आलेखावर दोन रेषा काढा. रेषा जिथे छेदतात तिथे झडप उघडायला-मिटायला हवी. बाहेरची पातळी खाली असूनही आतली रेषा उतरत नसेल तर उघाडीपुढे गाळ आहे किंवा तोंड अपुरं आहे. भरतीला आतली रेषा चढली आणि पाऊस नव्हता, तर झडप गळतेय. मोजणी एकदा उधाणाच्या दिवशी करा, अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, आणि एकदा अष्टमीनंतर भांगाच्या वेळी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा. भांगाला ओहोटी फारशी खाली जात नाही, म्हणून पावसाळ्यातलं पाणी तेव्हाच जास्त दिवस शेतात उभं राहतं.