पैसे गेले, पण आले नाहीत

आमच्या कॅटलॉगमध्ये ४१७ नंबरची जी माहेश्वरी साडी होती, तिचा हिशोब माझ्या डोक्यात अजून चुकता झालेला नाही. वहिनी म्हणते, सोड आता. मला सोडवत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही दोघी जावा इंदूरला रामबागेतल्या घरातून साड्या विकतो. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. वहिनी महिन्यातून दोनदा तिकडे जाऊन विणकरांकडून थेट माल उचलते. फोटो, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि पैसे माझ्याकडे. दुकान नाही, पाटी नाही. लोकांना वाटतं, फोनवर फोटो टाकला की साडी विकली जाते. फोटो काढण्यातच आमची अर्धी सकाळ जाते, कारण माहेश्वरीत उभा ताणा रेशमाचा, आडवा बाणा सुताचा आणि दोघांचे रंग वेगळे असले की कापड धूपछाँव होतं. कॅमेऱ्याला त्यातला एकच रंग दिसतो. समोरून जांभळी, तिरकी धरली की मोरपंखी. म्हणून मी उत्तरेच्या खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद करून, साडीशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढते, आणि वर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात वहिनी पदर हळूहळू फिरवते. पदराचे पाच पट्टे दिसले पाहिजेत, आणि काठ उलटा करून दाखवलाच पाहिजे, कारण हा काठ, म्हणजे बुगडी, दोन्ही बाजूंनी सारखी आहे की नाही हे जाणकार बाई आधी विचारते. एवढं करूनही ‘फोटोत वेगळी वाटली’ हे वाक्य येतंच.

आता मुद्द्याची गोष्ट. आमची प्रत्येक साडी एकुलती एक असते. विणकर एका ताण्यावर काही साड्या काढतो, पण बाण्याचा रंग बदलत जातो. तशीच दुसरी हवी असेल तर पुढच्या ताण्याची वाट बघा, आणि तरीही ती ‘तशीच’ नसते. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग मात्र साबणाच्या वडीसाठी बनवल्यासारखा आहे. त्यात पाचशे वस्तू बसतात, नाव, किंमत, वर्णन, कोड सगळं टाकता येतं, पण ‘एकच शिल्लक’ असं त्याला समजत नाही. कोणीही ती साडी कार्टमध्ये टाकून आपल्याला पाठवू शकतं. तीन नग टाकून पाठवणाऱ्याही भेटल्या आहेत. कार्ट आलं म्हणजे साडी राखून ठेवली गेली असं होत नाही, तो फक्त एक मेसेज असतो. विकली गेली की मी ती वस्तू हाताने लपवते. लपवेपर्यंतच्या मधल्या वेळात जे काय घडायचं ते घडतं.

त्यामुळे आमचा नियम साधा आहे: खात्यात पैसे आले, त्याची साडी. आधी कोणी विचारलं, कोणी ‘घेते’ म्हटलं, कोणी हृदय पाठवलं, याला किंमत नाही. हा नियम उगीच केलेला नाही. मागे एका गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, दोन साड्या मागवल्या, साड्या पोचल्या आणि पैसे कधी आलेच नाहीत. स्क्रीनशॉट पूर्ण बनावट होता. तेव्हापासून मी बँकेच्या मेसेजवरसुद्धा विसंबत नाही, खातं उघडून पाहते. ही सवय प्रत्येक विक्रेतीने लावावी असं माझं ठाम मत आहे, आणि ‘माझ्यावर विश्वास नाही का ताई’ म्हणून रुसणाऱ्यांना रुसू द्यावं.

श्रावण संपत आला होता, गौरीच्या साड्यांची लगबग होती. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ४१७ मी स्टेटसला आणि कॅटलॉगला एकाच वेळी टाकली. जांभळा ताणा, मोरपंखी बाणा, चटाईचा काठ, किंमत ३,८५० रुपये. स्टेटस सगळ्यांना दिसत नाही हे बाहेरच्यांना माहीत नसतं. त्यासाठी दोघांनीही एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो. म्हणजे स्टेटस बघून येणारी बाई ही बहुतेक जुनी गिऱ्हाईक असते. कॅटलॉगवरून येणारी जाहिरातीची.

ग्वाल्हेरच्या काकू स्टेटसवाल्या. तिथल्या लष्कर भागात राहतात, दर दिवाळीला एक साडी घेतात, भाव करत नाहीत. (इंदूरच्या बायका भाव करतात, पुण्याच्या प्रश्न विचारतात. ग्वाल्हेरच्या काकू दोन्ही करत नाहीत, म्हणून त्या माझ्या लाडक्या.) त्यांनी व्हिडिओ मागवला, पाहिला आणि लिहिलं, “हीच घेते हो. मुलाला सांगते पैसे टाकायला.” मी क्यूआर पाठवला आणि त्यांच्या चॅटला ‘पैसे बाकी’चं लेबल लावलं.

साधारण त्याच वेळी नाशिकच्या एका ताईंचं कार्ट आलं. त्या जाहिरातीतून आलेल्या. इन्स्टाग्रामवर जाहिरात दाबली की थेट आमचं चॅट उघडतं, तशी ती जाहिरात. तिचा हिशोब सांगते, कारण तो पुढे आडवा येतो. त्या महिन्यात आम्ही रोज २५० रुपये, आठ दिवस असं ठरवलं होतं. २,००० झाले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६० रुपये. शंभराच्या आसपास जणींनी चॅट उघडलं. बहुतेकींनी ‘प्राइस?’ लिहिलं आणि किंमत वाचून गायब झाल्या, जरी ती किंमत फोटोखाली छापलेली होती. शेवटी घेतलं चौघींनी. म्हणजे एक नवं गिऱ्हाईक ५९० रुपयांना पडलं. आता ४१७ विणकराकडून ३,१०० ला, डबा आणि कुरिअर १३०, हातात उरतात ६२०. नव्या बाईला विकली तर आम्हाला तीस रुपये मिळतात. जुन्या काकूंना विकली तर सगळेच्या सगळे. नाशिकच्या ताई परत आल्या तर ते ५९० वसूल, नाही आल्या तर तो खर्च पाण्यात.

नाशिकच्या ताईंना मी खरं ते सांगितलं: एक जण बघतायत, पैसे आधी येतील त्यांची साडी. त्यांनी लगेच भरले. खात्यात ३,८५० दिसले. मी ४१७ लपवायला घेतली आणि तेवढ्यात काकूंचा स्क्रीनशॉट आला. त्यावरची वेळ नाशिकच्या ताईंच्या पैशांच्या दोन मिनिटं आधीची होती. पण हिरवी बरोबरची खूण नव्हती, पिवळं घड्याळ होतं: प्रोसेसिंग. माझ्या खात्यात काही नाही.

काकूंच्या मुलाचा फोन आला. सभ्य मुलगा, पण वैतागलेला. “ताई, माझ्या खात्यातून पैसे कटले आहेत. बँकेचं ॲप दाखवतंय.” त्याने बारा आकडी व्यवहार क्रमांकही पाठवला. मी तो माझ्या खात्यातल्या नोंदींत शोधला, नव्हता. तो म्हणाला, “मग साडी द्या, नाहीतर पैसे परत करा.” इथे मला दोनदा समजावावं लागलं की जे माझ्याकडे आलेच नाहीत ते मी परत कसे करू? यूपीआयमध्ये असं होतं. पाठवणाऱ्याच्या बँकेने रक्कम वजा केलेली असते, पण पुढच्या टोकाला जमा झालेली नसते. मधल्या अवस्थेतली रक्कम आपोआप परत जाते, आणि ती किती दिवसांत जायला हवी हे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये ठरवून दिलं आहे. एका माणसाने दुसऱ्याला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि आमच्यासारख्या व्यापाऱ्याच्या क्यूआरवर भरले असतील तर पाच दिवसांत. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मी घाईने माझ्या खिशातून ३,८५० पाठवले असते आणि बँकेनेही ते परत केले असते, तर माझे गेले. नेमक्या याच वळणावर ठगांचा धंदा चालतो: ‘कटले आहेत, परत करा’. तो मुलगा ठग नव्हता. पण फोनवर ठगही तसाच बोलतो.

संध्याकाळी पाचला कुरिअरवाला आला. तोवर काकूंचे पैसे आलेले नव्हते. साडी नाशिकला गेली.

मग काकूंचा स्वतःचा फोन. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. “अगं, मी आधी सांगितलं होतं ना? पैसेही आधी टाकले. मग चुकलं कुठे?” मी म्हटलं, काकू, तुमचं काहीच चुकलं नाही. “तुझंही नाही म्हणतेस. मग साडी दुसरीकडे कशी गेली?” माझ्याकडे उत्तर होतं, नियमाचं. ते मी दिलं. त्या “बरं” म्हणाल्या.

वहिनीने महेश्वरला विणकराला विचारलं. ते म्हणाले, “ताना तो उतर गया, बहनजी. नया चढ़ेगा तो देखेंगे, पर वो हरा पक्का वही नहीं आएगा.” काकूंना कळवलं, त्यांनी नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांचे पैसे त्यांच्या खात्यात परत आले, मुलाने कळवलं, मी हात जोडल्याची खूण पाठवली.

नियम बरोबर होता का? त्या बनावट स्क्रीनशॉटनंतर तो हवाच होता. पण तो खोट्याला रोखतो तसाच खऱ्यालाही रोखतो, आणि यूपीआय अडकलं की दोघींपैकी जिची बँक जलद, तिची साडी होते. माझ्या डोक्यात आणखी एक बोचरी शंका आहे. नाशिकच्या ताईंवर आम्ही ५९० खर्च केलेले होते. ते वसूल व्हावेत म्हणून तर मी नियमाला इतकी घट्ट चिकटले नाही ना? वहिनी म्हणते, अगं, उलट काकूंना विकली असती तर आपल्याला जास्त मिळाले असते. हिशोबाने ती बरोबर आहे. पण नवं गिऱ्हाईक नाराज होऊन जाऊ नये ही धास्ती हिशोबात कुठे मांडतात?

सध्या वहिनीच्या आग्रहाने आम्ही असं करतो: कोणी ‘प्रोसेसिंग’चा स्क्रीनशॉट आणि बारा आकडी क्रमांक पाठवला, तर साडी कॅटलॉगमधून लपवायची आणि संध्याकाळच्या कुरिअरपर्यंत थांबायचं. दुसरी कोणी पैसे भरायला आली तर तिला क्यूआर पाठवायचाच नाही, आधी थांबायला सांगायचं. मी म्हटलं होतं, बारा आकडे कोणीही टाइप करू शकतं. गेल्या आठवड्यात तेच झालं. एका बाईने क्रमांक पाठवला, आम्ही दिवसभर साडी अडवून धरली, भोपाळच्या एका गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, आणि संध्याकाळी ती बाई म्हणाली, “अय्या, मी तर भरलेच नव्हते, मुलीने काहीतरी पाठवलं असेल.” साडी अजून कपाटात आहे. वहिनी म्हणते, चालायचंच. मी म्हणते, एका महिन्याने बघू. काकूंनी अजून स्टेटस बघणं सोडलेलं नाही, बघणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव रोज असतं, पण ऑर्डर आलेली नाही.