बाष्पदाबाचा आकडा आणि एक ईमेल

अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या विद्यापीठांत सप्टेंबर आला की करिअर फेअर सुरू होतात. आमची कंपनी औद्योगिक पंप बनवते. स्टॉलवर आम्ही दोघं असतो: एक रिक्रूटर, आणि तांत्रिक बोलणं करायला मी, टेस्ट विभागातला इंजिनिअर. त्या मंगळवारी सकाळी नऊपासून चारपर्यंत रांग हलत होती. एका मुलाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. तो पुढे सरकला की पुढचा येईपर्यंतच्या दहा सेकंदांत मी त्याच्या रेझ्युमेच्या मागे दोन-तीन शब्द खरडतो. संध्याकाळी गठ्ठा रिक्रूटरकडे जातो. चेहरे तोवर एकमेकांत मिसळलेले असतात, उरतात फक्त ते खरडलेले शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या इनबॉक्समध्ये चाळीसच्या आसपास ईमेल होते. बहुतेकांचा साचा एकच: भेटून आनंद झाला, तुमच्या कंपनीबद्दल जाणून प्रेरणा मिळाली, संधीची वाट पाहतो. यात चूक काही नाही, पण असा ईमेल वाचून तो कुठल्या रेझ्युमेचा हे शोधता येत नाही. नाव गठ्ठ्यात सापडतं, पण मागचे शब्द आणि ईमेल यांची गाठ पडत नाही.

एका ईमेलची मात्र पडली. आदल्या रात्री साडेनऊला आलेला. विषयाच्या ओळीत मुलाचं नाव, ‘पंप टेस्ट इंटर्नशिप’ आणि ‘६० अंशांचा बाष्पदाब’. माझ्या खरडीत त्याच्या रेझ्युमेमागे होतं: ‘६० अंश, बाष्पदाब?’. मूळ मजकूर इंग्रजीत, मराठीत साधारण असा:

‘आज दुपारी तुमच्या स्टॉलवर मी आमच्या गरम पाण्याच्या लूपबद्दल सांगितलं. पाणी ६० अंशांना गेलं की पंप वाजू लागतो आणि प्रेशर पडतं. तुम्ही विचारलंत की सक्शनचा हिशेब कोणत्या तापमानाचा बाष्पदाब धरून केला होता. परत येऊन फाइल उघडली. आम्ही २० अंशांचाच आकडा ठेवला होता. ६० अंशांचा घातल्यावर उपलब्ध सक्शन हेड सुमारे १.८ मीटरने कमी होतं, म्हणजे कागदावर दिसणारी २ मीटरची मोकळीक २० सेंटिमीटरवर येते. हा फक्त हिशेब आहे. पुढच्या आठवड्यात टाकी वर उचलून चाचणी घेणार आहोत. इंटर्नशिपसाठी पोर्टलवर अर्ज केला आहे, जागेचा क्रमांक खाली देतो. रेझ्युमे जोडला आहे. या जागेच्या मुलाखती साधारण कधी सुरू होतील?’

खाली क्रमांक, फोन नंबर, पदवी कधी पूर्ण होणार तो महिना. संपलं.

ज्यांचा पंपांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण ईमेल चालला तो याच आकड्यामुळे. पंपाच्या तोंडाशी पाण्याचा दाब त्या तापमानाच्या बाष्पदाबाखाली गेला की पाणी तिथेच उकळतं. बाष्पदाबाच्या वर जेवढा दाब तिथे शिल्लक असतो, तोच मीटरमध्ये मोजला की उपलब्ध सक्शन हेड. बुडबुडे होतात, ते पुढे पंख्यावर फुटतात, आणि पंपात खडी टाकल्यासारखा आवाज येतो. २० अंशांना पाण्याचा बाष्पदाब पाण्याच्या स्तंभात मोजला तर जेमतेम पाव मीटर भरतो. ६० अंशांना तोच दोन मीटरच्या वर जातो. मधला फरक १.८ मीटर. थंड पाण्यावर सगळं ठीक चालतं, म्हणून चूक दिसत नाही. आणि उरलेली २० सेंटिमीटर मोकळीक गाळणीत थोडा कचरा अडकला तरी संपते. त्याचा आकडा मी पडताळून पाहिला, बरोबर होता.

त्याने स्टॉलवरचं बोलणं जसंच्या तसं परत सांगितलं असतं, तर मला तो आठवला असता, एवढंच. इथे बोलणं जिथे तुटलं होतं तिथून एक पाऊल पुढे गेलं होतं. प्रश्न माझा, शोध त्याचा, आणि चूक स्वतःचीच निघाली हे त्याने सरळ लिहिलेलं. ‘हा फक्त हिशेब आहे’ या वाक्याला मी सगळ्यात जास्त मार्क दिले. टेस्ट विभागात मोजलेलं आणि काढलेलं यांत गल्लत करणारा माणूस महाग पडतो.

मी ईमेल रिक्रूटरकडे पाठवला. ती पंपांची माणूस नाही, तिला बाष्पदाबाशी देणंघेणं नाही. उमेदवाराच्या पानावर टिपणीची एक चौकट असते आणि हायरिंग मॅनेजर यादी चाळताना तीच वाचतो. त्या चौकटीत चिकटवता येईल असं एक वाक्य तिला हवं असतं. ‘उत्साही, संवादकौशल्य चांगलं’ असं तिथे शंभर जणांच्या नावापुढे असतं. या मुलाच्या नावापुढे गेलं: ‘स्टॉलवर विचारलेल्या प्रश्नावरून स्वतःच्या टेस्ट रिगमधली बाष्पदाबाची चूक त्याच रात्री शोधली.’ हे वाक्य तिला रचावं लागलं नाही, ईमेलमधूनच उचललं.

पण चिकटवायचं कुठे? त्या ईमेल पत्त्यावर पोर्टलमध्ये अर्जच सापडेना. ईमेल विद्यापीठाच्या पत्त्यावरून आलेला, पोर्टलचं खातं मात्र जीमेलवर काढलेलं. नावाने शोधलं तर तेही जुळेना. मुलगा मराठी होता. रेझ्युमेवर नाव आणि आडनाव, पण पोर्टलवर पासपोर्टप्रमाणे स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं. आपल्याकडे यात विशेष काही नाही. इथल्या यंत्रणेला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. शेवटी ईमेलमधला जागेचा क्रमांक टाकून त्या जागेच्या सगळ्या अर्जांची यादी काढली, आडनावावरून बोट फिरवलं, तेव्हा तो सापडला. क्रमांक नसता तर रिक्रूटरने ‘अर्ज नाही’ असं लिहून पान मिटलं असतं, आणि ते तिच्या बाजूने योग्यच ठरलं असतं. स्टॉलवर दिलेला कागद म्हणजे अर्ज नव्हे. पोर्टलवर अर्ज नसेल तर आमच्याकडे मुलाखत लावताच येत नाही, मी कितीही शिफारस केली तरी. त्यामुळे अर्ज आधी, ईमेल मागून. आणि दोन्ही एकाच पत्त्यावरून. रेझ्युमेवरचं नाव वेगळं असेल तर पोर्टलवरचं पूर्ण नाव ईमेलच्या शेवटी एका ओळीत द्यावं.

त्याच गठ्ठ्यातले आणखी दोन ईमेल आठवतात, कारण त्यांतही बोलण्याचा संदर्भ होता आणि तरी ते फुकट गेले.

एकात लिहिलं होतं की तुम्ही व्हॉल्व्हच्या सीलबद्दल सांगितलंत ते फार आवडलं. आम्ही व्हॉल्व्ह बनवत नाही. बनवतात ते शेजारच्या स्टॉलवाले. दिवसभरात वीस स्टॉल फिरल्यावर असं होणारच, म्हणून स्टॉल सोडल्या सोडल्या, पुढच्या रांगेत उभं राहण्याआधी, फोनवर कंपनीचं नाव, माणसाचं नाव आणि झालेला प्रश्न टिपून ठेवावा. रात्री खोलीवर जाऊन आठवू म्हटलं की दोन स्टॉल एकमेकांत शिरतात.

दुसरा कोल्हापूरच्या मुलाचा. स्टॉलवर माझ्या छातीवरचं आडनाव वाचून म्हणाला, ‘सर, तुम्ही मराठी का?’ मी म्हटलं, ‘हो, सांगलीचा.’ अर्धा मिनिट छान गेला. ईमेलमध्ये त्याने नेमका तोच अर्धा मिनिट लिहिला: आपण शेजारच्या जिल्ह्यांतले, म्हणून मदत करावी. मला वाईट वाटलं, कारण त्याने कंपनांच्या मोजमापावर काम केलं होतं आणि आम्ही त्यावरही दोन मिनिटं बोललो होतो. पण गावाचा संदर्भ रिक्रूटरच्या चौकटीत मला टाकता येत नाही, टाकूही नये. मी त्याला उत्तर लिहिलं की सेन्सर कुठे बसवला होता आणि का, ते दोन ओळींत पाठव. त्याचं उत्तर आलं नाही.

व्हिसाबद्दलही विचारणा येते. उन्हाळी इंटर्नशिपसाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना लागणारी सीपीटीची, म्हणजे शिकताना काम करण्याची, परवानगी विद्यापीठ देतं, कंपनी नव्हे. आम्ही फक्त ऑफरचं पत्र देतो. पुढे स्पॉन्सरशिप लागेल का, हा प्रश्न पोर्टलच्या अर्जात असतोच. तिथे खरं उत्तर द्यावं. पहिल्याच ईमेलमध्ये तो विषय माझ्यासारख्या इंजिनिअरपुढे काढून उपयोग नाही, मला त्यातलं काही ठरवता येत नाही. ईमेलमधली जागा मात्र जाते, आणि मुलीच्या किंवा मुलाच्या कामाबद्दलची ओळ पहिल्या पडद्याखाली ढकलली जाते.

बाष्पदाबवाल्याला मी त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर दिलं: आकडा बरोबर आहे, रिक्रूटर दोन आठवड्यांत कळवेल, ती या ईमेलमध्ये जोडली आहे. पुढचे दोन आठवडे त्याच्याकडून काही आलं नाही. हेही बरोबरच. त्या दरम्यान ‘काही अपडेट?’ विचारणारे ईमेल रिक्रूटर उघडते, पण उत्तर द्यायला तिच्याकडेच काही नसतं. हायरिंग मॅनेजरने यादी पाहिलेलीच नसते.

दोन आठवडे उलटले, आमच्याकडून कळवायचं राहून गेलं. सोळाव्या दिवशी त्याचा ईमेल आला, त्याच थ्रेडमध्ये, त्यामुळे खालचा मजकूर आणि क्रमांक आपोआप सोबत होते. तीन ओळी. टाकी ६० सेंटिमीटर वर उचलली. ६० अंशांना आवाज बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. अर्जाबद्दल काही कळलं असल्यास सांगावं.

‘पूर्ण गेला नाही’ हे वाचून हायरिंग मॅनेजर, जो तोवर यादीतल्या चोविसाव्या नावावर होता, माझ्या टेबलाशी आला. मुलाखत पुढच्या गुरुवारी लागली. पहिला प्रश्न त्याने कागद पुढे सरकवून विचारला: सक्शनचा दाबमापक व्हॉल्व्हच्या आधी होता की नंतर, काढून दाखव. मुलाने लूप काढला, दाबमापक व्हॉल्व्हच्या आधी दाखवला, पेन थांबवलं, आणि म्हणाला, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये पडणारा दाब आम्ही कधी मोजलाच नाही.