रात्री बाराचा मेसेज

बुधवार, सकाळ

आत्याला साठ पूर्ण. बाराच्या ठोक्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज आपलाच जायला हवा, पण हल्ली दहालाच डोळे मिटतात. म्हणून काल दुपारी टास्करमध्ये, म्हणजे फोनची कामं ठरल्या वेळी आपोआप करणाऱ्या अ‍ॅपमध्ये, ००:०० चं प्रोफाइल केलं. त्यातला टास्क अगदी साधा. आधी स्क्रीन चालू करायची, मग ही लिंक उघडायची (आधी ९१, मग नंबर, अधिकचं चिन्ह नाही), पाच सेकंद थांबायचं आणि टास्करच्याच ऑटोइनपुट या प्लगइननं पाठवायच्या बटणावर, म्हणजे दुसऱ्या ओळीतल्या आयडीवर, टॅप करायचा.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...
com.whatsapp:id/send
```

लिंकचं काम चॅट उघडून मजकूर चौकटीत भरण्यापुरतंच. पाठवत काही ती नाही. बोटाचं काम ऑटोइनपुट करतं, तेही अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या परवानगीवर, म्हणजे पडद्यावर जे दिसतंय त्यातलं बटण शोधून. गंमत म्हणजे चौकट रिकामी असेल तर तिथे बाण नसतोच, माइक असतो. दुपारी आधी स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर चाचणी घेतली. मजकुरात & होता, त्यामुळे पुढचं सगळं गळून निम्माच निरोप गेला. मजकूर URL Encode करून घेतल्यावर अख्खा गेला. मी खूश.

आज पावणेसातला फोन उघडला तर समोर आत्याचं चॅट, चौकटीत टाइप झालेल्या शुभेच्छा, शेजारी हिरवा बाण. रात्रभर तिथेच. लॉग पाहिला: बाराला टास्क सुरू झाला होता, ऑटोइनपुटला बटण सापडलं नाही म्हणून थांबला.

सापडणार कसं? स्क्रीन उजळली, पण पिनचं लॉक तसंच होतं. चॅट लॉकच्या मागे उघडलं आणि ऑटोइनपुटला दिसला तो फक्त लॉकस्क्रीन. दुपारी जमलं कारण फोन माझ्या हातात होता, उघडा. नुसतं स्वाइपचं लॉक असतं तर बाजूला सारता आलं असतं. पिन किंवा बोटाचा ठसा असेल तर नाही, आणि तसं व्हायलाही नको. नाहीतर अशी परवानगी मिळालेलं कुठलंही अ‍ॅप रात्री माझ्या बँकेत शिरलं असतं.

एका रात्रीपुरता पिन काढून ठेवायचा विचार मनात आला, पण त्याच फोनवर यूपीआय आहे. राहू दे. शिवाय काही फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवाच बंद पाडतात, आणि अपडेटनंतर बटणाचा आयडी बदलला की पुन्हा शोधाशोध. बरं, टॅप झाला म्हणजे निरोप पोचला असंही नाही. नेट नसेल तर घड्याळाचं चिन्ह तसंच राहतं, आणि टास्कर मात्र काम झालं म्हणून मोकळा.

टास्क बदललाय. आता ठरल्या वेळी टास्कर मोठ्या आवाजात नोटिफिकेशन देईल, त्यावर टॅप केला की भरलेलं चॅट उघडेल, बाण मी दाबेन. म्हणजे जागं व्हावं लागणारच.

सकाळी बाण दाबला. आत्याचं उत्तर मिनिटात: "बाराला आला नाहीस, म्हटलं झोपला असशील."