१२.११ की १२.१९

गेल्या महिन्यातल्या त्या सोमवारी दुपारी मुलीचे वडील, म्हणजे काका, लग्नपत्रिकांचा खोका घेऊन दुकानात आले. खोका काउंटरवर ठेवला, एक पत्रिका उघडली आणि मुहूर्ताच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "ताई, गुरुजींनी १२ वाजून १९ मिनिटं दिली होती. इथं ११ छापलंय." ते रागावले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. सातशे पत्रिका छापून झाल्या होत्या.

मी एकोणीस वर्षं डीटीपी करते आहे. चुका झाल्या आहेत, नाही असं नाही. पण या चुकीत एक गोष्ट अशी आहे की ती अजून डोक्यातून जात नाही. गुरुजींच्या हस्ताक्षरातला ९ मी १ वाचला, हे माझंच चुकलं. पण छापण्याआधी मी प्रूफ पाठवलं होतं. काकांनी ते पाहून अंगठा पाठवला होता आणि "छापा" असं लिहिलं होतं. त्यांनी खरंच लक्ष देऊन पाहिलं होतं. घरी चौघांनी मिळून पाहिलं, असं त्यांनी मला सांगितलं आणि माझा त्यावर विश्वास आहे. मग कुणालाच कसं दिसलं नाही?

त्याच दिवशी मी ते प्रूफ पुन्हा उघडून पाहिलं. माझ्या मॉनिटरवरची मूळ फाईल नव्हे, तर त्यांच्या फोनवर जे पोहोचलं होतं तेच चित्र. मुहूर्ताच्या पट्टीत १२ नंतर दोन उभट डाग होते. ते ११ आहे की १९, हे मीसुद्धा सांगू शकले नसते.

ही पट्टी कशी होती तेही सांगायला हवं. त्यांना पैठणीच्या रंगांची पत्रिका हवी होती, म्हणजे मोरपंखी पट्टीवर राणी रंगाची अक्षरं. मी नको म्हटलं होतं. हे दोन रंग डोळ्यांना अगदी वेगळे वाटतात, पण उजेडाच्या मापात जवळपास सारखे असतात. काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत ही पट्टी एकसारखी राखाडी दिसते. गिऱ्हाइकाला साडी दिसते, मला छायाप्रत दिसते. शेवटी साडी जिंकली आणि मी राणी रंग थोडा उजळ करून समाधान मानलं.

आता त्या चित्राचं काय झालं ते. पत्रिकेचं पान सात बाय दहा इंचांचं. मी ते फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, आणि साध्या फोटोची लांब बाजू तिथे साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते. म्हणजे पानाच्या एका इंचाला १६० पिक्सेल उरले. तिथी, नक्षत्र, मुहूर्त सगळं एका ओळीत बसवायचं होतं म्हणून ती ओळ नऊ पॉइंटमध्ये होती. हिशोब केला तर अक्षराला वीस पिक्सेलची जागा मिळते, त्यातला आकडा बारा-तेरा पिक्सेल उंच, आणि ९ ला १ पासून वेगळं करणारा डावीकडचा वळसा दोन-तीन पिक्सेलचा.

तेवढंही पुरलं असतं कदाचित, पण त्यानंतर फोटो दाबून हलका करणारं जेपेग होतं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक बदल गाळत जातं. शिवाय उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवली, तरी रंगाची माहिती बहुतेक वेळा चार पिक्सेलांना मिळून एकच ठेवतं. माणसाच्या डोळ्याला उजेडाची कड चटकन दिसते, रंगाची तेवढी दिसत नाही, म्हणून फोटोंसाठी ही युक्ती चोख आहे. पण जिथे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजेडाचा फरकच नाही, सगळा फरक रंगाचाच आहे, तिथे अक्षराची कडच त्या चार पिक्सेलांच्या गठ्ठ्यात जाते. दोन पिक्सेलचा वळसा मग कुठे राहणार?

खात्री करायची म्हणून मी तीच ओळ, त्याच मापाची, पांढऱ्यावर काळी करून माझ्याच दुसऱ्या नंबरवर फोटो म्हणून पाठवली. कडांभोवती राखाडी धूर होता, पण ११ आणि १९ ओळखू येत होते. राणी-मोरपंखीत येत नव्हते. म्हणजे फोटोची वाट, नऊ पॉइंटचं माप आणि रंगांची जोडी असे तिन्ही जुळून आले होते. यातली एक जरी गोष्ट नसती तर ती चूक काकांच्या नजरेला पडली असती, असं मला वाटतं.

फोटो पाठवलाच का, हा प्रश्न आमच्या मालकांनी विचारला आणि तो रास्त आहे. छपाईची पीडीएफ ३८ एमबीची होती. जीमेलला २५ एमबीच्या पुढचं जोडपत्र चालत नाही, आणि काकांच्या फोनमध्ये जागा नव्हती. संध्याकाळचे सात वाजले होते, यंत्र सकाळी मोकळं होतं. स्क्रीनवरून चित्र काढून टाकून दिलं. या धंद्यात रोज हेच चालतं. प्रूफ म्हणजे एक उपचार झाला आहे आणि त्या उपचाराला आम्ही डीटीपीवाले जितके जबाबदार आहोत तितकी घाई करणारी मंडळीही आहेत.

आता आतलं पान पुन्हा छापायचं होतं आणि या वेळी गुरुजींनी स्वतः पाहिल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, असं ठरलं. गुरुजी दुसऱ्या लग्नासाठी सोलापूरच्या गाडीत बसले होते. त्यांच्या फोनवर, गाडीतल्या रेंजमध्ये, दीड-दोन एमबीत मावेल आणि अक्षर कितीही मोठं केलं तरी धारदार राहील अशी फाईल दोन तासांत हवी होती.

आधी वजन कुठे आहे ते शोधलं. अक्षरांचं वजन कधीच नसतं. पत्रिका ज्यात जुळवली त्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये मागच्या कागदी पोताच्या चित्रावर क्लिक केलं तर खालच्या पट्टीत ६०० डीपीआय दिसलं. सात बाय दहा इंच आणि ६०० म्हणजे २ कोटी ५२ लाख पिक्सेल, आणि छपाईच्या चार शायांच्या सीएमवायकेमध्ये प्रत्येकाला चार बाइट. एका पानाचा पोत, ज्यात वाचण्यासारखं काहीही नाही, तो न दाबलेला जवळजवळ १०० एमबीचा होतो. छपाईला ३०० सुद्धा भरपूर झाले असते. कुणीतरी कुठून तरी आणलेलं चित्र तसंच ओढून टाकलेलं असतं, आणि नंतर फाईल जड का म्हणून आम्हालाच विचारतात.

मूळ फाईलला हात न लावता Save As करून प्रत केली. त्या प्रतीत Resample वापरून पोत १५० वर आणला. पिक्सेल सोळावा हिस्सा राहिले. पोत मऊ झाला तरी बिघडत नाही, त्याला कडाच नसतात. पीडीएफ काढताना रंग पडद्याचे, आरजीबी ठेवले, म्हणजे चाराऐवजी तीनच थर, आणि फोनवर सीएमवायकेचे रंग विचित्र दिसण्याची भीतीही गेली.

मग अक्षरं. आमचा मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोड नाही. फॉन्ट पीडीएफमध्ये बसला नाही तर फोनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून प्रतीतली सगळी अक्षरं निवडून Convert to Curves केली. त्यानंतर अक्षर हे अक्षर राहत नाही, रेषांचा आकार होतो. मजकूर मग दुरुस्त करता येत नाही, म्हणूनच मूळ फाईल वेगळी ठेवायची. पण आकाराला पिक्सेल नसतात, त्यामुळे त्याला कितीही ताणा, कड फाटत नाही, आणि पूर्ण पत्रिकेच्या अक्षरांचं वजन काही शे केबीच्या पुढे जात नाही.

पीडीएफ निघाली, १.३ एमबी. मी मोकळी झाले असं वाटलं. सवयीने ८०० टक्क्यांवर मोठं करून पाहिलं. नावं, पत्ता, निमंत्रकांची यादी, सगळं गुळगुळीत. आणि मुहूर्ताच्या पट्टीत पुन्हा पायऱ्या. बाकी पान रेषांचं, आणि नेमकी तीच पट्टी पिक्सेलांची.

पाऊण तास मी पोताकडेच बघत होते. कारण वेगळंच निघालं. पट्टीवर शोभेसाठी सोनेरी झिलईचा एक अर्धपारदर्शक थर टाकला होता, अक्षरांच्या वरून. आणि माझ्या जुन्या सेटिंगमध्ये पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट ४ च्या जातीची, म्हणजे जुन्या आवृत्तीची निघत होती. त्या जातीला पारदर्शकता माहीतच नाही, ती पुढच्या जातीपासून आली. मग कोरल काय करतं, तर पारदर्शक थराखाली जे जे आहे ते सगळं एका चित्रात भाजून टाकतं. माझी Curves केलेली अक्षरं त्या चित्रात विरघळली, तीही १५० डीपीआयने. मी झिलई उडवली, जात अ‍ॅक्रोबॅट ६ ची केली आणि पुन्हा ८०० टक्क्यांवर गेले. ९ चा वळसा नखासारखा कोरलेला दिसला.

पाठवताना फोटो नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंटला हात लावत नाही. तरी एक धाकधूक होती. गाडीत कुणीतरी पीडीएफ उघडेल, तिचा स्क्रीनशॉट काढेल आणि तोच गुरुजींना दाखवेल. म्हणून मुहूर्ताची ओळ एकटी कापून, पांढऱ्यावर काळी, प्रत्येकी १४०० पिक्सेल रुंद अशा तीन तुकड्यांत केली आणि ती फोटो म्हणून सोबत पाठवली. त्या मापात आकडा साठ पिक्सेलच्या वर उंच होता. तेवढ्या आकड्याला जेपेग काही करू शकत नाही. तेव्हा सुचलं की पहिल्या दिवशीसुद्धा हेच करता आलं असतं. पूर्ण पान एका फोटोत कोंबण्याऐवजी ज्या तीन ओळींवर लग्न अवलंबून आहे तेवढ्याच मोठ्या करून पाठवायला मला चार मिनिटं लागली असती.

साडेसहाला गुरुजींचा फोन आला. मागे गाडीचा आवाज होता. त्यांनी तिथी वाचली, नक्षत्र वाचलं, १२ वाजून १९ मिनिटं असं सावकाश म्हटलं. मग म्हणाले, "संवत्सरात 'विश्वावसू'चा ऊकार दीर्घ केलायत. पंचांगात ऱ्हस्व आहे." त्या अक्षराखालची ती मात्रा त्यांना गाडीत, फोनवर, चष्म्यातून दिसली होती. पहिल्या सातशे पत्रिकांत तो ऊकार दीर्घच होता आणि त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आतलं पान रात्री छापलं. कागदाचा खर्च मालकांनी सोसला, काका अर्धा द्यायला तयार होते. मी माझा भाग पगारातून घ्या म्हटलं, त्यावर मालक काहीच बोलले नाहीत. काकांचा तो "छापा" आणि अंगठा अजून माझ्या फोनमध्ये आहे. तो मी पुसलेला नाही. त्यांना मी जे दाखवलं त्यावर त्यांनी अंगठा दिला होता, आणि त्यात १२ नंतर दोन डाग होते.